सोडून जाण्याच्या दंडाचा हिशेब मांडायला लावा : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : जिम, ब्रॉडबँड आणि सॉफ्टवेअरच्या करारांतला लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदत राहण्याची अट, आणि मुदतीआधी सोडल्यास आकारली जाणारी रक्कम

सन्माननीय मुख्य आयुक्त,

मी भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात काम करते. एखादा भाग बनवायला नेमका किती खर्च आला, त्यातला किती वसूल झाला, किती अंगावर राहिला, हे काढणं हा माझा सोळा वर्षांचा धंदा आहे. गेल्या पावसाळ्यात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी आई अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तिला उठवायला, बसवायला, न्हाणीपर्यंत न्यायला माणूस हवं होतं आणि ते माणूस मीच होते. आठ दिवसांत पुण्यातली भाड्याची जागा सोडली, बिनपगारी रजा घेतली आणि गाव गाठलं.

जागा सोडताना दोन करार मोडावे लागले, एक जिमचा आणि एक ब्रॉडबँडचा. दोघांनीही माझ्याकडून जे पैसे घेतले, त्याचा हिशेब मी माझ्या खात्यातल्या सवयीने मांडून पाहिला. तो कुठेच बसत नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे पत्र मी लिहिते आहे ते हिशेबाच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत माझ्या एकटीपुरती नाही. छापील अर्जावर असते आणि त्या अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाला लागू होते.

आधी जिमचं सांगते. काउंटरच्या मागे दराचा फलक होता : एका महिन्याचे २,५०० रुपये, तिमाही ६,०००, सहामाही ९,६०० आणि वार्षिक १४,४००, सगळे दर करासकट. मी वार्षिक घेतलं. म्हणजे महिन्याला १,२०० रुपये पडले. पाच महिने नियमित गेले. सोडायची वेळ आली तेव्हा मी व्यवस्थापकाला सांगितलं, उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करा. माझ्या मनातला हिशेब साधा होता, सात गुणिले बाराशे, म्हणजे ८,४०० रुपये.

त्याने कॅल्क्युलेटर घेतला आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं : ५ × २,५०० = १२,५००. त्याखाली प्रोसेस चार्ज, एकूण फीच्या दहा टक्के, १,४४०. बेरीज १३,९४०. मग १४,४०० मधून ते वजा करून उरलेल्या ४६० रुपयांभोवती गोल केला. म्हणाला, "मॅडम, वार्षिक सवलत वर्षभर राहणाऱ्यांना असते. तुम्ही पाचच महिने वापरलंत, मग महिन्याचाच दर लागणार." अर्जाच्या मागे बारीक अक्षरात हे कलम होतं, आणि माझी सहीही होती. ती पावती माझ्याकडे आहे.

त्याच्या म्हणण्यात तथ्याचा एक भाग आहे आणि तो मी नाकारत नाही. सवलत ही वर्षभर राहण्याच्या बोलीवर दिलेली असते. मी बोली पाळली नाही, तर मला पूर्ण वार्षिक दराने सोडावं, असं मी म्हणणार नाही. जिमचं जागाभाडं, प्रशिक्षकांचे पगार, यंत्रांचे हप्ते मी गेले म्हणून कमी होत नाहीत. जागा रिकामीच होती, तर माझ्या जाण्याने नवा सभासद आला असंही म्हणता येत नाही. मग प्रश्न असा राहतो की सवलत काढून घ्यायची, तर ती कुठल्या दरापर्यंत?

माझं उत्तर त्याच फलकावर आहे. पाच महिने जिम वापरणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी शहाणपणाने निवड केली असती, तर त्याने सहामाही घेतली असती, ९,६०० रुपयांत. एकेक महिन्याचे दर पाच वेळा कोणीही भरले नसते. तेव्हा मला सहामाहीची सभासद धरा, एक महिना न वापरता सोडला असं समजा आणि ४,८०० रुपये परत करा. सवलत परत गेली, जिमला तिच्याच दराप्रमाणे पैसे मिळाले. यापुढची रक्कम, म्हणजे ४,३४० रुपये, कुठल्याही नुकसानीशी जोडलेली नाही.

या पद्धतीचा आणखी एक दोष आहे आणि तो पाठ्यपुस्तकात घालावा इतका स्पष्ट आहे. महिन्याच्या दराने फेरआकारणी केली की एक महिन्यानंतर सोडणाऱ्याकडून जादा १,३०० रुपये कापले जातात, दोन महिन्यांनी सोडणाऱ्याकडून २,६००, तीन महिन्यांनी ३,९००, पाच महिन्यांनी ६,५००. म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत माणूस जितका जास्त काळ टिकतो तितका त्याचा दंड वाढतो. नुकसान भरपाई असती तर उलटं व्हायला हवं होतं, कारण ग्राहक जितका जास्त काळ राहतो तितका धंद्याचा सुरुवातीचा खर्च भरून निघतो. माझ्या जिमच्या सूत्राप्रमाणे सहावा महिना पुरा झाला की परतावा शून्य होतो. पुढची सहा महिन्यांची फी, ७,२०० रुपये, घेतलेली असते आणि त्याबदली काहीही दिलेलं नसतं. हे पैसे कशाचे, हा साधा प्रश्न मी विचारला. "पॉलिसी आहे," एवढंच उत्तर मिळालं.

आता ब्रॉडबँड. यातला हिशेब मला जिमपेक्षाही जास्त खुपतो, म्हणून थोडा सविस्तर सांगते.

माझा प्लॅन महिना ७९९ रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे असा होता. बारा महिन्यांचा लॉक-इन होता आणि त्याबदल्यात जोडणीचे १,००० रुपये माफ केले होते. राउटर कंपनीचा, वापरायला दिलेला. सात महिने झाल्यावर मी कळवलं की मी गावी जाते आहे, जोडणी तिकडे हलवा. त्यांनी पिनकोड विचारला आणि सांगितलं की त्या भागात आमची सेवा नाही. मग बंद करा म्हटलं. अंतिम बिल आलं ते असं : उरलेल्या पाच महिन्यांचं भाडं ३,९९५ रुपये, त्यावर जीएसटी ७१९ रुपये १० पैसे. माफ केलेला जोडणी खर्च १,००० रुपये, त्यावर जीएसटी १८०. एकूण ५,८९४ रुपये १० पैसे. राउटर मी स्वतः त्यांच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.

मी सोडलं नसतं तर उरलेल्या पाच महिन्यांत मी त्यांना ४,७१४ रुपये १० पैसे दिले असते आणि त्या बदल्यात पाच महिने इंटरनेट वापरलं असतं. सोडल्यावर मी ५,८९४ रुपये १० पैसे दिले आणि काहीच वापरलं नाही. करार पूर्ण झाला असता तर कंपनीला जे मिळालं असतं, त्यापेक्षा करार मोडल्यावर तिला १,१८० रुपये जास्त मिळाले, कारण वर्ष पूर्ण केलं असतं तर जोडणी खर्च कधीच वसूल होणार नव्हता. बुडालेलं भाडं आणि माफ केलेला खर्च, दोन्ही एकाच वेळी मागणं म्हणजे एकच नुकसान दोनदा वसूल करणं. माझ्या कारखान्यात मी असा हिशेब वर पाठवला असता, तर लेखापरीक्षकाने तो त्याच दिवशी परत केला असता.

आणि ते बुडालेलं भाडंसुद्धा पूर्ण बुडालेलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला खांबावर कंपनीची एक पेटी आहे. खालून आलेली एक फायबर त्या पेटीत आठ घरांना वाटली जाते. आठही पोर्ट, म्हणजे वायर जोडायच्या जागा, भरले होते, म्हणून शेजारच्या बिऱ्हाडाला दोन महिने "वेटिंग" सांगत होते. मी राउटर परत केल्यावर चौथ्या दिवशी लाइनमन शिडी घेऊन आला, माझी वायर काढली आणि त्याच पोर्टला शेजाऱ्यांची जोडली. सामान बांधताना मी गॅलरीतून पाहत होते. विचारलं तर म्हणाला, "ताई, तुमचाच पोर्ट मोकळा झाला ना." त्या दिवसापासून त्या पोर्टचं भाडं शेजारी भरत होते, आणि पुढच्या पाच महिन्यांचं माझ्याकडूनही घेतलेलं होतं.

आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक ऑर्डर मध्येच रद्द करतं, तेव्हा काय करतो ते सांगते. आणलेला माल किती, त्यावर मशीनचे किती तास गेले, ते धरतो. त्यातून दुसऱ्या ऑर्डरला लागू शकणारे भाग वजा करतो, उरलेल्याची भंगाराची किंमत वजा करतो आणि राहिलेलं बिल करतो. न बनवलेल्या मालाची पूर्ण विक्री किंमत कोणी मागत नाही, आणि मागितली तर गिऱ्हाईक देत नाही. विक्री बुडणं आणि नुकसान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. समोरचा गिऱ्हाईक मोठा कारखाना असेल तेव्हाच ते आठवतं आणि एकटा ग्राहक असेल तेव्हा विसरलं जातं, याची मला चीड येते.

याच पद्धतीने ब्रॉडबँडचा हिशेब केला तर काय निघतं? जोडणीचा खर्च कंपनीने स्वतःच १,००० रुपये सांगितला आहे. तो बारा महिन्यांत भरून निघायचा होता, म्हणजे महिन्याला ८३ रुपये ३३ पैसे. सात महिने भरून निघाले, पाच राहिले. राहिलेली रक्कम ४१६ रुपये ६७ पैसे. त्यात वायर काढायला आलेल्या माणसाच्या फेरीचे काही रुपये घाला. पाचशे-सहाशेच्या पुढे मला तरी काही सापडत नाही.

त्या बिलावरच्या जीएसटीबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ रोजी परिपत्रक क्रमांक १७८ काढलं आहे. त्याचा आशय असा की करार मोडल्याबद्दलची निखळ नुकसान भरपाई ही कुठल्या सेवेचा मोबदला नसते, म्हणून तिच्यावर कर नाही. पण मुदतीआधी बाहेर पडण्याची सोय दिली आणि तिचे पैसे घेतले, तर तो मोबदला ठरतो आणि त्यावर कर लागतो. कंपनीने माझ्याकडून ८९९ रुपये १० पैसे कर घेतला, म्हणजे तिच्या स्वतःच्या हिशेबाने ही एका सोयीची किंमत आहे. पण मी तक्रार केली तेव्हा मेलला उत्तर आलं की ही "करारभंगाची भरपाई" आहे. दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं. किंमत असेल तर प्लॅनच्या किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात, पैसे भरण्याआधी ती दाखवायला हवी होती. भरपाई असेल तर नुकसान दाखवायला हवं. मला दोन्हींतलं काहीच दाखवलं गेलं नाही.

सॉफ्टवेअरचा अनुभव माझा स्वतःचा नाही, पण तिथे जे चाललं आहे ते उघड्यावर आलेलं आहे. १७ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सरकारने तिथल्या व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून अडोबी कंपनीवर खटला दाखल केला. आरोप असा की वर्षाचा करार पण पैसे महिन्याला, असा प्लॅन ग्राहकापुढे आपोआप निवडलेला येई, आणि पहिल्या वर्षात सोडल्यास उरलेल्या सगळ्या हप्त्यांच्या पन्नास टक्के रक्कम द्यावी लागेल ही अट बारीक अक्षरांत आणि दुव्यांच्या मागे ठेवलेली असे. ग्राहकाला वाटायचं आपण महिन्याचं घेतलं, आणि सोडायला गेलं की वर्षाचं निघायचं. पन्नास टक्के हा आकडा कुठून आला, हा माझ्या खात्यातला प्रश्न. सॉफ्टवेअरवाल्याला माझ्यासाठी वायर ओढावी लागत नाही, यंत्र विकत घ्यावं लागत नाही. भरून निघायचा राहिलेला, केवळ माझ्यापुरता असा खर्च जवळजवळ नसतोच. तिथे लॉक-इनच्या बदल्यात फक्त सवलत दिलेली असते. मग जास्तीत जास्त ती सवलत परत घ्या : महिन्याच्या आणि वार्षिक दरातला फरक, वापरलेल्या महिन्यांपुरता. उरलेल्या महिन्यांची टक्केवारी कशासाठी?

आता कायद्याकडे येते, कारण कायदा नाही म्हणून हे चाललं आहे असं नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना, ते टाळण्याचे किंवा कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते तेही धरायचे. माझा मोकळा झालेला पोर्ट हा असा मार्ग होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केलं की नुकसानच झालेलं नसेल तर कलम ७४ खाली भरपाई मागता येत नाही.

त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम २(४६) मध्ये "अनुचित करार" ही व्याख्या आली, आणि करार मोडल्याबद्दल प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने पूर्णपणे विषम असा दंड ग्राहकावर लादणं हे तिच्यात शब्दशः आहे. मी ते कलम वाचलं तेव्हा मला वाटलं, माझं बिल समोर ठेवूनच कोणी ते लिहिलं असावं.

मग मी विचारलं की ही तक्रार नेमकी करायची कुठे. ग्राहक चळवळीत आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नेता येतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीदेखील नाही. पण करारातली अट अनुचित आहे म्हणून ती रद्द करा, अशी मागणी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला दिलेला नाही. ४,३४० रुपयांसाठी राज्य आयोगापुढे जायचं, तारखा सांभाळायच्या, आणि तेसुद्धा आजारी आईला घरी ठेवून? ते वकील म्हणाले, "अहो, हे हक्क कागदावर खरे आहेत, पण त्यांची उंची तुमच्या रकमेच्या मानाने फार आहे." माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या करारांत रक्कम लहान आणि ग्राहक लाखो असतात, नेमके तेच करार तपासण्याचं दार लहान ग्राहकाच्या हाताला लागत नाही.

दूरसंचार नियामकाकडे जावं तर ते वैयक्तिक तक्रारी घेत नाहीत. कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, असा रस्ता आहे. मी दोन्ही केलं. दोन्हीकडून "अटी व शर्तींनुसार आकारणी योग्य आहे" हे एकच वाक्य आलं. हिशेब तपासला असं कुठेच नव्हतं.

आपल्या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी ऑनलाइन मांडणी, यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक आहे. सोडण्याचं बटण लपवणं, सोडण्याची रीत किचकट करणं, याला आपण आळा घातलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण माझ्या जिमने काहीही लपवलं नाही आणि किचकट केलं नाही. व्यवस्थापक नम्र होता, पाच मिनिटांत काम झालं. दार उघडंच होतं, फक्त दाराशी १३,९४० रुपये मोजून घेतले गेले. या रकमेबद्दल ती तत्त्वं काही बोलत नाहीत. माझी दुसरी तक्रार ही आहे.

हे करता येणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण आपल्याच देशात ते झालेलं आहे. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्याकडून बँका दंड घेत असत. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली तो बंद केला. त्यानंतर माझ्या भावाने घरकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेलं आणि त्याला त्यासाठी एक पैसाही दंड पडला नाही. घरकर्ज लाखांचं असतं आणि तिथे हे शक्य झालं. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०११ साली अॅशबोर्न या जिमच्या वर्गण्या गोळा करणाऱ्या कंपनीच्या खटल्यात दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे लॉक-इन अनुचित ठरवले. त्या निकालातलं एक निरीक्षण मला फार खरं वाटलं : सामान्य माणूस आपण जिमला किती जाऊ याचा अंदाज नेहमी जास्त धरतो, आणि धंद्याची घडीच त्या चुकीच्या अंदाजावर बसवलेली असते. आपल्याकडे जानेवारीत आणि गुढीपाडव्याला लागणारे वार्षिक ऑफरचे फलक पाहिले की ते निरीक्षण आठवतं.

माझ्या मागण्या मी आता सरळ मांडते. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ ने आपल्याला मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा आणि आयोगांपुढे स्वतः तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा यातल्या बहुतेक गोष्टींना संसदेत जाण्याची गरज नाही.

पहिली मागणी सूत्राची. मुदतीआधी सोडणाऱ्याकडून दोनच गोष्टी घेता याव्यात : सुरुवातीला ग्राहकामागे केलेल्या खर्चाचा अजून भरून न निघालेला भाग, जो दर महिन्याला समान रकमेने कमी होत शेवटच्या महिन्यात शून्य होईल, आणि दिलेली सवलत. सवलत परत घेताना, जितका काळ वापर झाला तितक्या काळासाठी सामील झाल्याच्या दिवशी फलकावर जो सर्वांत स्वस्त पर्याय होता, त्याच्या पुढे जाता येऊ नये. प्रोसेस चार्ज नावाची टक्केवारी पूर्ण बंद व्हावी. हिशेब करायला १४,४०० रुपयांच्या सभासदाला जितका वेळ लागतो तितकाच ६,००० च्या सभासदालाही लागतो.

दुसरी मागणी कमाल मर्यादेची. सोडून जाताना भरायची एकूण रक्कम, करार पूर्ण केला असता तर पुढे भरावी लागली असती त्या रकमेइतकी किंवा तिच्याहून जास्त कधीही असू नये. ही अट इतकी साधी आहे की ती लिहावी लागते याचंच मला वाईट वाटतं, पण माझं बिल तिच्यात बसत नाही.

तिसरी मागणी तक्त्याची. पैसे घेण्याआधी ग्राहकाच्या हातात महिनावार तक्ता द्यावा : पहिल्या महिन्यानंतर सोडलंत तर इतके रुपये, दुसऱ्यानंतर इतके, असे बारा आकडे. रुपयांत, टक्क्यांत नको, आणि ग्राहकाच्या भाषेत. माझ्या जिमने असा तक्ता दिला असता तर सहाव्या ओळीतलं परताव्याचं शून्य मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं आणि मी तिमाही घेतली असती. ज्यांनी हा तक्ता दिला नसेल त्यांना सोडताना काहीही आकारता येऊ नये.

चौथी मागणी, जिच्यामुळे मी लिहायला बसले त्या परिस्थितीबद्दल. ग्राहक जिथे राहायला जातो तिथे सेवा देता येत नसेल, किंवा ग्राहकाला स्वतःला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्या माणसाला गंभीर आजार झाला असेल, किंवा ग्राहकाचा मृत्यू झाला असेल, तर भरून न निघालेल्या खर्चापलीकडे काहीही घेऊ नये. ब्रॉडबँड कंपनीने स्वतः सांगितलं की तुमच्या गावात आम्ही येत नाही. जी सेवा ती देऊ शकत नव्हती तिचं पाच महिन्यांचं भाडं तिने माझ्याकडून घेतलं आहे.

पाचवी मागणी आपल्याला आणि आपल्यामार्फत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाला आहे. ठरावीक रकमेपर्यंतच्या छापील करारांतल्या अनुचित अटी रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा, यासाठी कायद्यात दुरुस्ती सुचवा. ती होईपर्यंत आपण स्वतः जिम आणि ब्रॉडबँडचे प्रचलित छापील अर्ज मागवून तपासा आणि ज्यांत एकच नुकसान दोनदा धरलेलं आहे त्यांच्याविरुद्ध आपल्या नावाने आयोगापुढे जा. एकेकट्या ग्राहकाला ते परवडत नाही.

पेन्सिलीने लिहिलेली जिमची पावती, ब्रॉडबँडचं अंतिम बिल, राउटरची पोच आणि तक्रारींना आलेली दोन्ही उत्तरं यांच्या प्रती मी या पत्रासोबत टपालाने पाठवते आहे. आई आता काठी घेऊन ओटीपर्यंत चालते, तेव्हा मार्गशीर्षात मी कामावर परत जाईन. पुण्यात पुन्हा जागा घेताना ब्रॉडबँडचा अर्ज पुन्हा भरावा लागेल. त्याआधी आपलं उत्तर यावं अशी विनंती आहे.

आपली,
कॉस्टिंग खात्यातली एक ग्राहक
भोसरी, पुणे (सध्या मुक्काम तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी)